घरच्या डेस्कचा फोटो पाठवा म्हणतात, पण त्या फोटोत नेमकं बघतात काय?

घरून काम करणाऱ्या बऱ्याच जणांना हल्ली ऑफिसकडून मेल येतो, तुमच्या टेबल-खुर्चीचा फोटो पाठवा, आम्ही तपासून सांगतो. मग लोक टेबल आवरतात, कप उचलतात, वायरी मागे ढकलतात, दारात उभं राहून एक छान फोटो काढून पाठवतात आणि उत्तर येतं की खुर्चीची उंची वाढवा, स्क्रीन वर घ्या. आता एका फोटोवरून हे कसं कळलं, खरंच कळलं का, की सगळ्यांना तेच उत्तर जातं, असा प्रश्न पडणं साहजिक आहे. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि असे फोटो बघणं हा माझ्या कामाचाच भाग आहे, तर एकाच फोटोची गोष्ट घेऊन सांगते.

शब्द एकच समजून घ्या, अर्गोनॉमिक्स. काम करायची जागा माणसाच्या मापाला जुळवायची, माणसाला जागेच्या मापाला वाकवायचं नाही, एवढाच त्याचा अर्थ. शिंपी जसं आधी माप घेतो आणि मग कापड कापतो तसं. फोटो म्हणजे त्या माप घेण्याची सुरुवात, अख्खं माप नाही.

## पहिला फोटो, ज्यात सगळं ठीक दिसत होतं

डोंबिवलीच्या एक ताई, वय ४६, उंची ५ फूट १ इंच म्हणजे साधारण १५५ सेंटीमीटर. अकाउंट्सचं काम, दिवसाचे आठ-नऊ तास लॅपटॉपवर. दुपारनंतर मान आणि उजव्या खांद्याचा वरचा भाग भरून येतो, रात्री उशीवर मान कुठे ठेवावी कळत नाही अशी तक्रार. डायनिंग टेबलावर बसतात, लाकडी खुर्ची आहे, लॅपटॉपखाली चार जाड पुस्तकं ठेवलेली कारण स्क्रीन डोळ्यांसमोर असावी असं त्यांनी वाचलं होतं.

त्यांनी पाठवलेला फोटो समोरच्या कोपऱ्यातून, उभं राहून, 0.5x वर काढलेला. त्यात त्या ताठ बसलेल्या, मान सरळ, हात व्यवस्थित. मी त्यांना फोन करून म्हटलं, "ताई, हा फोटो चांगला आहे पण मला यातून काहीच कळत नाहीये, परत काढावा लागेल." त्या म्हणाल्या, "अहो मॅडम, सगळं तर दिसतंय की!" आणि खरी अडचण तिथेच आहे, सगळं दिसतं पण काहीच मोजता येत नाही.

कारण असं. फोटो म्हणजे सावलीसारखा प्रकार आहे. काठी तिरपी धरली की भिंतीवर तिची सावली आखूड पडते, काठी तेवढीच असते. तसंच कॅमेरा कोपऱ्यातून धरला की पुढे वाकलेली मान फोटोत कमी वाकलेली दिसते. हिशोब करून बघितला तर मान ३० अंश पुढे झुकलेली असेल आणि फोटो बरोबर बाजूने न काढता ४५ अंश तिरपा काढला असेल तर ती फोटोत साधारण २२ अंशच दिसते. म्हणजे एक चतुर्थांश त्रास फोटोतच गायब. आणि 0.5x ची रुंद लेन्स कडेच्या गोष्टी ताणून दाखवते, त्यामुळे फोटोच्या कडेला आलेलं डोकं नाहीतर पाय खऱ्या आकाराचे राहतच नाहीत.

## मग फोटो काढायचा कसा

बरोबर बाजूने, आणि ज्या हाताने माऊस धरता त्या बाजूने. मोबाईल टेबलाच्या उंचीवर, म्हणजे साधारण बसलेल्या माणसाच्या कोपराइतक्या उंचीवर, सरळ उभा धरलेला, झूम 1x किंवा 2x वर. अंतर अडीच-तीन मीटर. आता आपल्या घरात टेबलापासून तीन मीटर मोकळी जागा मिळणं कठीण असतं हे मला माहीत आहे, तर दाराबाहेरून काढा, पॅसेजमधून काढा, स्टुलावर डबा आणि डब्याला टेकवून मोबाईल असं करून टायमर लावा. डोक्यापासून पायाच्या बोटांपर्यंत सगळं आलं पाहिजे, जमीनही दिसली पाहिजे. पाय कापलेला फोटो अर्धाच फोटो.

फोटो खरंच बाजूने आलाय का हे ओळखायची सोपी खूण म्हणजे लॅपटॉपची स्क्रीन. ती फोटोत एका बारीक रेघेसारखी दिसली पाहिजे. स्क्रीनवरचं काही वाचता येत असेल तर तुम्ही बाजूला नाही, कोपऱ्यात उभे आहात. खुर्चीला हात असतील तर पलीकडचा हात अलीकडच्या हाताच्या मागे लपला पाहिजे.

अजून एक गोष्ट मी सगळ्यांना सांगते ती म्हणजे टिकल्या. मोठी टिकली खांद्याच्या टोकावर, एक कोपराच्या हाडावर, एक मनगटावर आणि एक कमरेखाली मांडीचं हाड बाजूला जिथे हाताला लागतं तिथे. सैल कुर्त्यात किंवा टीशर्टमध्ये कंबर कुठे आहे हे फोटोत अजिबात कळत नाही आणि बघणारा अंदाजाने रेघ मारतो. टिकली असली की मोबाईलमध्येच फोटोवर टिकलीपासून टिकलीपर्यंत रेघा ओढता येतात आणि कोन डोळ्याने दिसतो.

आणि मापासाठी एक ए-फोर कागद टेबलाच्या कडेला उभा चिकटवा, त्याची लांबी २९.७ सेंटीमीटर असते, त्यावरून फोटोतल्या बाकी गोष्टींचा अंदाज येतो. पण कागद माणसाच्याच रांगेत हवा, मागच्या भिंतीवर नको. कॅमेरा तीन मीटरवर आणि भिंत माणसाच्या मागे ६० सेंटीमीटर असेल तर कागद लांब असल्यामुळे लहान दिसतो आणि त्या मापाने मोजलं की सगळं २० टक्के जास्त भरतं. १० सेंटीमीटरचा फरक १२ निघतो. म्हणून फोटोवरून मी दिशा ठरवते, आकडा मात्र टेपनेच घ्यायला लावते.

## वाचायला सुरुवात कोपरापासून

बहुतेक लोक फोटो बघताना आधी स्क्रीन बघतात. मला वाटतं सगळ्यात मोठी चूक हीच आहे. ऑफिसात खुर्ची वरखाली होते, टेबल एका ठरावीक मापाचं असतं, मॉनिटर वेगळा असतो. घरी टेबलाची उंची बदलत नाही, ती पक्की आहे, म्हणून आधी बघायचं की हात त्या टेबलावर कसे पोचतायत. हात ठरले की बसायची उंची ठरते, बसायची उंची ठरली की पाय, आणि डोळे सगळ्यात शेवटी, कारण बसायची उंची बदलली की डोळ्यांची उंचीही बदलते.

ताईंचा दुसरा फोटो आला, बाजूने, टिकल्या लावून. त्यात खांद्याची टिकली जवळजवळ कानाखाली आलेली, म्हणजे खांदे वर उचललेले, आणि मनगटाची टिकली कोपराच्या टिकलीपेक्षा बरीच वर. हात आरामात असतो तेव्हा कोपराचा कोन ९० ते १२० अंशांच्या मधे असतो, म्हणजे पुढचा हात आडवा किंवा किंचित खाली उतरता. ताईंचा अंदाजे ७० होता. एखाद्या उंच ओट्यावर पोळ्या लाटताना बुटक्या माणसाचे खांदे जसे वर जातात अगदी तसं, फक्त पोळ्या अर्ध्या तासात संपतात आणि हे आठ तास चालतं.

मग टेप घ्यायला लावली. खुर्चीची बैठक जमिनीपासून ४५ सेंटीमीटर. बसल्यावर बैठकीपासून कोपरापर्यंत २२. म्हणजे कोपर जमिनीपासून ६७ वर. टेबल ७६, पुस्तकं १०, लॅपटॉपची जाडी २, म्हणजे बोटं ८८ वर. फरक २१ सेंटीमीटर! हा फरक भरून काढायला शरीराकडे एकच उपाय असतो, खांदे उचलून धरायचे आणि कोपरं बाहेर फाकवायची. खांदा उचलून धरणारा जो स्नायू मानेपासून खांद्यापर्यंत जातो तोच त्यांचा दुखत होता, त्यात गूढ काही नाही.

म्हणजे स्क्रीन वर घ्यायचा सल्ला चूक नव्हता, पण लॅपटॉपला अर्धवट लागू झाला. लॅपटॉपची स्क्रीन आणि कीबोर्ड एकमेकांना जोडलेले असतात, स्क्रीन मानेसाठी वर नेली की कीबोर्ड हातांच्या वर जातो, कीबोर्ड हातांसाठी खाली ठेवला की मान खाली जाते. वेगळा कीबोर्ड आणि माऊस नसेल तोपर्यंत लॅपटॉपखाली पुस्तकं ठेवून टायपिंग करणं म्हणजे मानेचं दुखणं खांद्याला देणं.

## मान सरळ दिसत होती, पण होती का?

या फोटोत मला एक गोष्ट खटकली. मान पुढे झुकलेली नव्हती, उलट हनुवटी वर होती. हे ओळखायची एक रीत आहे. कानाच्या भोकापासून डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापर्यंत रेघ ओढायची. डोकं सरळ असतं तेव्हा ही रेघ डोळ्याकडे थोडी चढती असते, साधारण १०-१५ अंश. ताईंची जवळजवळ ३० अंश चढत होती. स्क्रीन तर डोळ्यांपेक्षा खालीच होती, मग डोकं मागे का टाकलंय?

फोटोत चष्मा दिसत होता. मी विचारलं, "चष्मा कसला आहे ताई, प्रोग्रेसिव्ह का?" हो म्हणाल्या, दोन वर्षांपूर्वी केला. प्रोग्रेसिव्ह म्हणजे वरच्या भागातून लांबचं, खालच्या भागातून जवळचं आणि मधल्या पट्ट्यातून हाताच्या अंतरावरचं दिसतं. स्क्रीन हाताच्या अंतरावर असते, ती वाचायला काचेच्या मधल्या-खालच्या पट्ट्यातून बघावं लागतं, आणि स्क्रीन जरा जरी वर असली की माणूस नकळत हनुवटी उचलून तो पट्टा स्क्रीनसमोर आणतो. दिवसभर. म्हणजे स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या पातळीवर हा नियम अशा माणसाला उलटा पडतो, त्यांची स्क्रीन त्यापेक्षा खाली आणि किंचित मागे कललेली हवी, नाहीतर नुसत्या कॉम्प्युटरच्या अंतराचा वेगळा चष्मा हवा. फोटोत चष्मा दिसतो, काच कसली आहे ते दिसत नाही, ते विचारावंच लागतं. चाळिशीनंतरच्या कोणाच्याही फोटोत हनुवटी वर दिसली की मी आधी चष्म्याचं विचारते.

## तपासणारे गुण कसे देतात

कंपन्यांचे तपासणारे बऱ्याचदा एक तक्ता वापरतात, त्याचं नाव रोझा. कॅनडातल्या मायकेल सॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. खुर्ची, स्क्रीन आणि फोन, माऊस आणि कीबोर्ड असे भाग, प्रत्येक भागात चित्रं, तुमची बसण्याची पद्धत ज्या चित्राशी जुळते त्याचे गुण. हे गुण परीक्षेसारखे नाहीत, जितके जास्त तितकं वाईट, १० पर्यंत जातात, आणि ५ किंवा जास्त आले की जागेत लवकर बदल करायला हवा. यातली मला पटणारी गोष्ट म्हणजे त्यात वेळही मोजतात. तीच खुर्ची, तेच टेबल, पण दिवसात चार तासांहून जास्त किंवा सलग तासाहून जास्त बसत असाल तर एक गुण वाढतो, आणि दिवसात तासाभरापेक्षा कमी बसत असाल तर एक कमी होतो. हा वेळ फोटोत नसतो. तुमच्या ऑफिसने नुसता फोटो मागवला आणि किती तास बसता ते विचारलंच नाही, तर तो तपास अपुरा आहे असं बिनधास्त समजा.

## "फोटो काढताना सगळेच ताठ बसतात की"

बरोबर आहे, शाळेच्या ग्रुप फोटोपासून आपल्याला तीच सवय आहे. म्हणून पहिला फोटो मी कधी धरत नाही. घरातल्या कोणाला तरी सांगायचं की काम सुरू होऊन चाळीस-पन्नास मिनिटं झाल्यावर न सांगता बाजूने फोटो काढ. नाहीतर मोबाईल स्टुलावर ठेवून तासाभराचा टाइमलॅप्स लावायचा. तासाभराचं काम एका मिनिटापेक्षाही कमी वेळात बघायला मिळतं आणि त्यात माणूस हळूहळू कसा घसरत जातो, पाठ टेकणं कधी सोडतो, हे बघून लोक स्वतःच गप्प होतात.

आणि माणूस पोझ देतो, वस्तू देत नाहीत. उशी पाठीच्या मागे आहे पण तिला मधोमध खळगा नाही, म्हणजे ती फोटोपुरती आली. टेबलाच्या कडेचं पॉलिश एका ठिकाणी गेलंय, म्हणजे मनगट तिथे टेकतं. माऊस लॅपटॉपच्या पलीकडे वहीच्या मागे आहे, म्हणजे हात लांब ताणून काम चालतं. ताईंच्या खुर्चीच्या पुढच्या आडव्या दांड्यावर रंग उडाला होता, तिथे त्या पायाची बोटं अडकवून बसायच्या.

## पाय अधांतरी, म्हणून पाठ सुटते

हे दुखणाऱ्या जागेपासून लांब आहे म्हणून लोक याकडे बघत नाहीत. ताईंची गुडघ्यामागची उंची, म्हणजे अनवाणी पायाने जमिनीपासून गुडघ्याच्या मागच्या खळग्यापर्यंत, ३९ सेंटीमीटर. खुर्ची ४५. म्हणजे नीट मागे टेकून बसलं की टाचा ६ सेंटीमीटर हवेत. पाय लोंबकळले की मांडीच्या खालच्या बाजूला बैठकीची कड रुतते, मग माणूस जमिनीला पाय लावायला पुढे सरकतो, पुढे सरकला की पाठ सुटते. पाठ टेकून बसा असं कितीही सांगा, पाय टेकत नाहीत तोवर ते होत नाही.

## तर काय बदललं

हात म्हणतात बैठक वर न्या. वेगळा कीबोर्ड टेबलावर ठेवला की बोटं ७८ वर, कोपर ६७ वर, म्हणजे ११ सेंटीमीटर वर बसायला हवं. पण फोटोत टेबलाच्या फळीखाली एक आडवी लाकडी पट्टी दिसत होती, डायनिंग टेबलांना असतेच. तिची खालची कड जमिनीपासून ६६ वर निघाली. ताईंच्या मांडीची जाडी १३. बैठक ५६ केली तर मांडी ६९ वर जाते, पट्टीखाली पाय जातच नाहीत. मग बैठक ५१ पर्यंतच नेली, मांडी ६४, वर दोन सेंटीमीटर मोकळे. ६ सेंटीमीटर उंचीसाठी टणक फोमची उशी घेतली, घरातली मऊ गादी घालून बघितलेली पण ती बसल्यावर निम्मी दबते त्यामुळे माप नेहमी बसून घ्यायचं.

कोपर आता ७३, बोटं ७८, पाच सेंटीमीटर अजून राहिले. हे माझ्या मनासारखं नाही, पण त्या टेबलावर यापेक्षा जास्त होत नाही. कीबोर्ड कडेपासून थोडा आत सरकवून पुढचे हात टेबलावर टेकवले की हातांचं वजन टेबल घेतं आणि खांद्याला धरून ठेवावं लागत नाही. लॅपटॉप मागे सरकवून डोळ्यांपासून ६० सेंटीमीटरवर नेला आणि चारातली दोन पुस्तकं काढली. ताईंना हे पटेना, "स्क्रीन खाली नेऊ? सगळे तर वर न्या म्हणतात." म्हटलं तुमच्या चष्म्यासाठी खालीच, दोन दिवस बघा आणि हनुवटीचा फोटो काढा.

पायाखाली आता ५१ वजा ३९ म्हणजे १२ सेंटीमीटर हवे होते. घरात जेवायचे दोन पाट होते, प्रत्येकी सहाचे, ते एकावर एक दोरीने बांधून मधे रबरी मॅटचा तुकडा घातला म्हणजे सरकत नाहीत.

## "मग चांगली महाग खुर्चीच घेऊन टाकू का?"

टेबल तेच ठेवून खुर्ची बदलली तर वरचा हिशोब तसाच राहतो. खुर्ची वर गेली तरी पट्टी तिथेच आहे आणि पाय अजून जास्त लोंबकळतात, शिवाय अशा खुर्चीचे हात टेबलाच्या कडेला अडले की माणूस टेबलापासून लांब बसतो आणि पुन्हा पुढे वाकतो. विकत घ्यायचंच असेल तर आधी वेगळा कीबोर्ड आणि माऊस, मग पायाखालची सोय, खुर्ची त्यानंतर. आणि खुर्ची घेताना कोपराची, गुडघ्यामागची उंची कागदावर लिहून दुकानात न्या.

## फोटो कुठे हात टेकतो

फोटोत दुखणं दिसत नाही. रात्री अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांना मुंग्या येऊन जाग येणं, हातातून वस्तू निसटणं, मानेपासून हातात कळ जाणं, असं काही असेल तर टेबल मोजत बसू नका, आधी डॉक्टरला दाखवा. एकाच फोटोत मानेचा पीळही दिसत नाही, म्हणजे स्क्रीन एका बाजूला आणि माणूस दुसऱ्या बाजूला असं असेल तर बाजूच्या फोटोत ते लपतं, त्यासाठी मागूनही एक फोटो हवा, त्यात दोन्ही खांदे एका रेघेत आहेत का आणि माऊसचा हात किती बाहेर गेलाय ते कळतं.

ताईंचा तिसरा फोटो दहा दिवसांनी आला, मुलाने काम सुरू असताना न सांगता काढलेला. खांद्याची टिकली कानापासून चांगली खाली आलेली, पुढचा हात टेबलावर टेकलेला, कान-डोळ्याची रेघ जवळपास पूर्ववत. पाठ मात्र अजून टेकत नव्हती. फोटोत पाट खूप पुढे होते, टेबलाच्या पलीकडच्या पायापाशी, ताई तिथे पोचायला पुढे सरकून बसल्या होत्या. त्यांना पाट एक वीत अलीकडे ओढायला सांगितले आणि परत एक फोटो मागवलाय.